शुक्रवारी सहानंतर झेड ड्राइव्ह फक्त वाचायला

आमच्या कार्यालयात मी आजवर लिहिलेल्या सूचनांपैकी सगळ्यात जास्त वेळा खोडलेली सूचना ही आहे. पहिला मसुदा एका ओळीचा होता: ‘पुढच्या महिन्यापासून आपण गिट वापरणार आहोत, सर्वांनी सहकार्य करावे.’ तो वाचून टेस्टिंगचं काम बघणाऱ्या सहकारी म्हणाल्या, “मॅडम, हे वाचून मी उद्या सकाळी नेमकं काय वेगळं करायचं?” त्याला उत्तर नव्हतं. शेवटी भिंतीवर लागली ती सूचना अशी होती:

‘शुक्रवार, १९ जून, संध्याकाळी ६ नंतर झेड ड्राइव्हवरचा `source` हा फोल्डर फक्त वाचता येईल. त्यात काहीही सेव्ह होणार नाही. सोमवार, २२ जूनपासून प्रोग्रॅमचं सर्व काम गिटमधून होईल. प्रशिक्षण शनिवार ६, १३ आणि २० जून रोजी सकाळी १० ते १. पहिले दोन शनिवार खोट्या फाइलींवर सराव, तिसऱ्या शनिवारी खरं स्थलांतर. कोटेशन, पत्रं, एक्सेल आणि फोटो आहेत तिथेच राहतील.’

आमची कंपनी अकरा माणसांची. सांगलीत बसून पतसंस्थांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवतो. ठेवी, कर्ज, व्याज, पावत्या. दहा वर्षं हा सगळा प्रोग्रॅम कार्यालयातल्या एका संगणकावरच्या सामायिक फोल्डरमध्ये होता आणि प्रत्येकाच्या टेबलावरच्या मशीनला तो ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून दिसायचा. फाइल उघडायची, बदलायची, सेव्ह करायची. यात शिकण्यासारखं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं.

मग एका सकाळी एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचा फोन आला. “मॅडम, पन्नास हजारांच्या ठेवीवर ९१ दिवसांचं व्याज १,०७४ रुपये ३१ पैसे कसं येतं? मी कॅल्क्युलेटरवर १,०५९ रुपये ५९ पैसे काढलंय.” दर साडेआठ टक्के. त्यांचं बरोबर होतं. आमचा प्रोग्रॅम वर्षाचे ३६५ ऐवजी ३६० दिवस धरत होता, म्हणून १४ रुपये ७२ पैसे जास्त लागत होते. पण मला धक्का चुकीचा नव्हता. हीच चूक आम्ही दोन आठवड्यांपूर्वी शोधून दुरुस्त केली होती. दुरुस्त झालेली चूक परत आली होती, आणि ती कोणी परत आणली हे कोणालाच माहीत नव्हतं.

दोन दिवस विचारपूस केल्यावर हिशेब लागला. त्या दिवशी सव्वादहाला दोघांनी एकच फाइल, `vyaj.py`, आपापल्या मशीनवर उघडली होती. एकाने व्याजाच्या ओळीतला भाजक बदलला आणि अकरा वाजता सेव्ह केलं. दुसरा त्याच फाइलच्या तळाशी पावतीवरचा मजकूर नीट करत होता. त्याने साडेबाराला सेव्ह केलं. त्याच्या पडद्यावरची फाइल सव्वादहाची होती, तिच्यात अकराची दुरुस्ती नव्हतीच. त्यामुळे साडेबाराला झेड ड्राइव्हवर जी फाइल लिहिली गेली, तिच्यात पावतीचा मजकूर नवा आणि भाजक जुना होता. कुठेही इशारा उमटला नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने काहीच बिघडलं नव्हतं: सेव्ह करा म्हटलं, त्याने सेव्ह केलं.

एक्सेल अशा वेळी निदान ‘ही फाइल दुसऱ्याने उघडली आहे’ असं सांगतं. प्रोग्रॅम लिहायचे बहुतेक संपादक साध्या मजकुराच्या फाइलवर असं कुलूप लावत नाहीत. त्यातला काही कधी तरी सांगतो की फाइल बाहेर बदललीय, ठेवू की पुन्हा वाचू? पण घाईतला माणूस तिथे काय दाबतो ते आपल्याला ठाऊक आहे.

आमच्याकडे यावरचा इलाज पारंपरिक होता: प्रती. झेड ड्राइव्हवर `final`, `final_2`, `final_navin`, `final_navin_khara` असे फोल्डर होते आणि एक `haat_lavu_naye` होता, ज्याला सगळे हात लावत. प्रत काढली की सुरक्षित वाटतं. पण चार प्रतींत फरक काय आणि तो का, हे प्रत सांगत नाही.

गिट समजावताना मी पतसंस्थेच्याच भाषेचा आधार घेतला, कारण ती आमच्या सगळ्यांना येते. कीर्दीत चुकीची नोंद झाली तर कोणी पान फाडत नाही, की खाडाखोड करून आकडा बदलत नाही. उलट नोंद टाकतात, तारीख घालतात, कारण लिहितात. चूकही दिसते, दुरुस्तीही दिसते. गिट म्हणजे फोल्डरसाठी ठेवलेली अशी कीर्द. काम एका टप्प्याला आलं की माणूस एक नोंद करतो, तिला कमिट म्हणतात. कमिटमध्ये त्या क्षणीच्या सगळ्या फाइलींची स्थिती, करणाऱ्याचं नाव, वेळ, कारणाचं एक वाक्य आणि आधीच्या नोंदीचा क्रमांक एवढं असतं. हा क्रमांक १, २, ३ असा नसतो. आतल्या मजकुरावरूनच काढलेली ती चाळीस अक्षरांची खूण असते. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी खूण बदलते, आणि प्रत्येक नोंदीत मागच्या नोंदीची खूण असल्यामुळे मधलंच एखादं पान गुपचूप बदलता येत नाही.

दुसरा फरक जागेचा. झेड ड्राइव्हवर खरी वही एकच होती आणि सगळे तिच्यातच लिहीत. गिटमध्ये प्रत्येकाच्या मशीनवर पूर्ण वही असते, पहिल्या नोंदीपासून. माणूस आपल्या वहीत लिहितो आणि मग आपल्या नोंदी मधल्या सामायिक वहीत पाठवतो. पाठवणं म्हणजे पुश, तिथून नवं आणणं म्हणजे पुल. ही मधली वही आम्ही कार्यालयातल्याच संगणकावर ठेवली. अनेकांना गिट आणि गिटहब एकच वाटतं. गिटहब ही अशी मधली वही इंटरनेटवर सांभाळणारी एक कंपनी आहे, गिट तिच्याशिवायही चालतं.

आता तोच दिवस गिटमध्ये कसा गेला असता, हे पहिल्या शनिवारी फळ्यावर मांडलं. सव्वादहाला दोघांच्या वह्या सारख्या. अकराला पहिल्याने भाजक बदलून हे केलं:

```
git add vyaj.py
git commit -m "व्याज: वर्षाचे दिवस 365 धरले"
git push
```

साडेबाराला दुसऱ्यानेही पावतीचा बदल असाच कमिट केला आणि पुश केला. पण या वेळी गिट त्याला अडवतं:

```
 ! [rejected]        main -> main (fetch first)
```

म्हणजे, मधल्या वहीत तू न पाहिलेली एक नोंद आहे, ती आधी घे. सगळं प्रशिक्षण या एका ओळीसाठी होतं असं म्हटलं तरी चालेल. झेड ड्राइव्हने नेमक्या याच क्षणी गप्प बसून घोटाळा केला होता. मग तो `git pull` करतो. गिट दोघांच्या समान मुळाशी, म्हणजे सव्वादहाच्या स्थितीशी, दोन्ही बदल ताडून बघतं. भाजक वरच्या ओळीत, पावती तळाशी. दोन्ही वेगळ्या जागी आहेत म्हणून दोन्ही ठेवतं, नवी फाइल तयार होते, आणि पुन्हा पुश केलं की जातं. चौदा रुपये बहात्तर पैशांचा प्रश्न उद्भवत नाही.

दोघांनी एकाच ओळीला हात लावला असता तर? समजा दुसऱ्याने त्याच ओळीत व्याज दोन दशांशांपर्यंत आणायचं ठरवलं. मग गिट निर्णय घेत नाही. फाइलमध्येच दोन्ही ओळी ठेवून थांबतं:

```
<<<<<<< HEAD
vyaj = round(mudal * dar * divas / 36000, 2)
=======
vyaj = mudal * dar * divas / 36500
>>>>>>> 8d1f0c3be27a94516f0a3c9d7e5b2184c6f9a07e
```

वरची ओळ आपली, खालची दुसऱ्याची. याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात, आणि हा शब्दच लोकांना घाबरवतो. पडद्यावर तो आला की नवख्या माणसाला वाटतं आपण काही मोडलं. खरं तर इथे दोन माणसांनी बोलायचं असतं: भाजक ३६५००, आणि दशांश दोन. मग तीन खुणेच्या ओळी पुसायच्या, एकच बरोबर ओळ ठेवायची, `git add` आणि `git commit`. म्हणूनच सूचनेत पहिले दोन शनिवार ‘खोट्या फाइलींवर’ असं मुद्दाम लिहिलं होतं. सहा तारखेला मी जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीला एकच ओळ मुद्दाम वेगवेगळी बदलायला सांगितली. एक वाजेपर्यंत प्रत्येकाने निदान तीन कॉन्फ्लिक्ट सोडवले होते. नेहमीच्या प्रशिक्षणात हा विषय शेवटी येतो, तेव्हा जेवणाची वेळ झालेली असते. आणि मग पहिला खरा कॉन्फ्लिक्ट येतो तो ग्राहकाचा फोन चालू असताना.

त्या सकाळचा पहिला अर्धा तास मात्र वाया गेला, आणि चूक माझी. गिटच्या अलीकडच्या आवृत्त्या, दोन्हीकडे वेगळ्या नोंदी असताना पुल केलं, की आधी विचारतात की या जोडायच्या कशा. ते ठरवून दिलेलं नसेल तर काम थांबतं. प्रत्येक मशीनवर एकदाच `git config --global pull.rebase false` द्यायला हवं होतं, मी ते फक्त माझ्यावर दिलं होतं. अनेक पडद्यांवर एकाच वेळी `fatal` उमटलं.

दुसरा गोंधळ आपल्या लिपीचा. आमच्या पावत्यांच्या नमुन्यांना मराठी नावं आहेत. `git status` केलं तर `पावती.txt` ऐवजी हे दिसलं:

```
"\340\244\252\340\244\276\340\244\265\340\244\244\340\245\200.txt"
```

पावत्यांचं काम बघणारे आमचे काका खुर्चीतून उठलेच. “मॅडम, फाइल सडली!” फाइल ठीक होती. गिट इंग्रजीबाहेरची अक्षरं असलेलं नाव दाखवताना प्रत्येक अक्षराच्या आतल्या बाइटचे आकडे लिहितं. प्रत्येक देवनागरी अक्षराचे तीन बाइट, म्हणून तीन-तीन आकड्यांचे पाच गट: प, काना, व, त, वेलांटी. `git config --global core.quotepath false` दिलं की नाव नावासारखं दिसतं. हे मी पुढच्या सूचनेत सगळ्यात वर लिहिलं.

इथे जरा आडवळण घेते, कारण हा योगायोग मला फार आवडतो. आमचा झेड ड्राइव्ह ज्या सॉफ्टवेअरमुळे चालायचा त्याचं नाव सांबा. युनिक्सवरचं फोल्डर डॉसच्या मशीनवर दिसावं यासाठी ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लिहायला घेतलं. पुढे २००२ पासून लिनक्सच्या गाभ्याचं काम बिटकीपर नावाच्या एका कंपनीच्या साधनावर चालायचं. साधन मालकीचं, पण या कामासाठी फुकट दिलेलं. ट्रिजेल यांनी त्या साधनाच्या सर्व्हरशी बोलणारा स्वतंत्र प्रोग्रॅम लिहायला घेतला. पुढे एका परिषदेत त्यांनी करून दाखवलं की सर्व्हरला जोडून नुसतं `help` टाइप केलं तरी तोच आपल्या आज्ञांची यादी देतो. कंपनी चिडली आणि फुकट वापर बंद झाला. लिनस टॉरवाल्ड्स यांच्याकडे हजारो लोकांचं काम आणि साधन नाही अशी वेळ आली. त्यांनी एप्रिल २००५ मध्ये स्वतःच लिहायला सुरुवात केली, आणि आठवडाभरात ते साधन स्वतःचाच मजकूर सांभाळायला लागलं. ते गिट. म्हणजे आमचा जुना सामायिक फोल्डर आणि ज्यासाठी तो बंद झाला ते गिट, दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस आहे, एकदा हौसेने आणि एकदा भांडणाने.

तेरा तारखेचा शनिवार काय न्यायचं आणि काय नाही यात गेला. गिट ओळींच्या मजकुरावर चालतं. एक्सेलची फाइल त्याला आतून ओळींसारखी दिसत नाही, त्यामुळे दोघांनी तीच फाइल बदलली तर ते जोडून देऊ शकत नाही, फक्त विचारतं, तुझी ठेवू की त्याची. म्हणून कोटेशनं आणि एक्सेल झेड ड्राइव्हवरच राहिली, तिथे कुलूप तरी लागतं. ग्राहकांच्या डेटाबेसचे बॅकअप तर मुळीच नकोत. आमच्याकडे चारशे एमबीची एक `.bak` फाइल होती. ती एकदा कमिट झाली की नंतर पुसली तरी इतिहासात राहते, आणि प्रत्येकाची वही पूर्ण असल्यामुळे अकरा मशीनवर राहते. असल्या फाइली गिटने बघूच नयेत म्हणून `.gitignore` नावाच्या फाइलमध्ये त्यांची नावं लिहितात:

```
*.bak
config.ini
```

दुसरं नाव जास्त महत्त्वाचं. `config.ini` मध्ये डेटाबेसचा पासवर्ड उघडा लिहिलेला होता. तो गिटमध्ये गेला तर फाटकं पान नसलेल्या कीर्दीत कायमचा बसेल. तसं झालंच तर फाइल काढून टाकणं हा इलाज नाही, पासवर्डच बदलायचा. आम्ही तो आधीच बदलला, कारण मागच्या दहा वर्षांत तो किती प्रतींमध्ये गेला होता हे कोण सांगणार.

त्याच दिवशी एका नव्या मुलाने विचारलेला प्रश्न माझ्या लक्षात राहिला: “गिटने न भांडता जोडलं म्हणजे बरोबरच जोडलं ना?” नाही. समजा एकाने दर ८.५ असा पाठवण्याऐवजी ०.०८५ असा पाठवायला सुरुवात केली आणि आपल्या फाइलमधला भाजक त्याप्रमाणे ३६५ केला. दुसऱ्याने त्याच दिवशी दुसऱ्या फाइलमध्ये नवा हिशेब लिहिला, जुन्या समजुतीने ३६५०० घालून. ओळी वेगळ्या, फाइली वेगळ्या, गिट मुकाट जोडेल. आणि नव्या हिशेबात व्याज शंभरपट कमी येईल. पन्नास हजारांवर १,०५९ च्या जागी दहा रुपये साठ पैसे. गिटला ओळी कळतात, व्याज कळत नाही. हे पकडायला त्या व्यवस्थापकांसारखं कॅल्क्युलेटर घेऊन बसावं लागतं, किंवा माहीत असलेली दहा उत्तरं दर वेळी आपोआप तपासून बघणारा छोटा प्रोग्रॅम लागतो. आमचा तो असाच ९१ दिवसांच्या ठेवीपासून सुरू झाला.

एकोणीस तारखेला संध्याकाळी सहाला मी झेड ड्राइव्हच्या त्या फोल्डरवरची लिहिण्याची परवानगी काढली. सूचनेतली ही एक ओळ नसती तर बाकी सगळी वाया गेली असती, असं माझं ठाम मत आहे. दोन्ही जागा लिहित्या ठेवल्या की लोक सोयीची जागा वापरतात, आणि आठवड्यात पुन्हा प्रश्न उभा राहतो की खरी फाइल कुठली. सहा वाजून सात मिनिटांनी पहिली हाक आली, “मॅडम, सेव्ह होत नाहीये.”

स्थलांतराचं अवघड काम गिटचं नव्हतंच. `final`, `final_2` आणि त्यांच्या भावंडांपैकी खरं कोणतं, हे ठरवायचं होतं. आदल्या आठवड्यात ग्राहकांकडे प्रत्यक्ष चालू असलेली आवृत्ती आणून तिच्याशी एकेक फोल्डर ताडला. पावत्या `final_navin` मधल्या चालू होत्या, कर्जाचा भाग `final_2` मधला. `final_navin_khara` मधलं काहीही कुठेही चालू नव्हतं. जुन्या प्रती क्रमाने टाकून मागचा इतिहास उभा करावा असं एकाने सुचवलं. ते मी टाळलं. कोणता बदल कोणी आणि का केला हे माहीत नसताना केलेली नोंद ही नोंद नसते. जुने फोल्डर तसेच वाचायला राहू दिले.

शनिवारी, वीस तारखेला, सगळ्यांसमोर माझ्या मशीनवरून पहिली कमिट केली आणि प्रत्येकाने आपली वही उतरवून घेतली. संध्याकाळी कामावरून निघताना पुश करायचं, हा एकच नियम त्या दिवशी फळ्यावर लिहिला. आपल्या मशीनवर कमिट केलेलं आणि पुश न केलेलं काम डिस्क गेली की जातं.

सोमवारी काकांना एक आज्ञा सापडली. `git blame` फाइलची प्रत्येक ओळ शेवटची कोणी बदलली ते नावानिशी दाखवतं. शब्दाचा अर्थच दोष देणं असा, त्यामुळे कार्यालयात थोडी कुजबुज झाली. दोघा-तिघांनी मिळून ती `vyaj.py` वर चालवली, ३६० दिवसांचं वर्ष मुळात कोणी लिहिलं ते बघायला. पण गिटचा इतिहास पहिल्या कमिटच्या मागे जात नाही आणि ती मी केली होती. फाइलच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच नाव आलं, माझं. काका माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, “मॅडम, १९ जूनपर्यंतच्या सगळ्या चुका तुमच्या नावावर जमा झाल्यात.”